पोचट दाणा

सातवीच्या प्रयोगाची संहिता म्हणत होती, 'ज्या वस्तूची घनता पाण्याच्या घनतेपेक्षा कमी असते, ती वस्तू पाण्यावर तरंगते.' भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या दुसरीच्या पोरांसाठी मी ती एका फटक्यात सोपी केली: 'हलकं तरंगतं, जड बुडतं.'

एका पोरानं विचारलं, "सर, वैनगंगेच्या पुरात ओंडका वाहत येते. तो हलका आहे का?"

वाक्य सोपं झालं होतं आणि खोटंही. ओंडका माणसाला उचलवत नाही, तरी तरंगतो. खिळा चिमटीत मावतो, तरी बुडतो. 'तेवढ्याच पाण्यापेक्षा जड' म्हटलं की खरं होतं, पण 'तेवढ्याच' या एका शब्दात अख्खी घनता दडलेली. दुसरीतल्या पोराला तो पेलत नाही.

मग कारणच काढून टाकलं. जे दिसतं तेवढंच ठेवलं.

खिळा टाकला, टाकला खिळा.
बुडेल का? तरंगेल का?
बुडाला!

पुढं लाकूड, मग गोटा, मग स्टीलची वाटी. ओळ तीच, वस्तू नवी. मधली ओळ दर वेळी येते, कारण प्रयोग तिथंच आहे: आधी अंदाज, मग पाणी. ती गाळून नुसता यमकाचा ठेका ठेवला, तर पोरं उत्तर पाठ करतात आणि बादलीकडं बघत नाहीत. वाटी मुद्दाम शेवटी. तोवर 'लोखंड बुडतं' असं पोरं ठरवून बसलेली असतात.

ओळीची लांबी मोठ्यानं वाचून ठरवली. जिथं मध्येच श्वास घ्यावा लागला, तिथं ओळ तोडली.

नंतर धान. इथं ते घरोघरी आहे. मूठभर धान साध्या पाण्यात टाकलं, तर बरंच वरच राहिलं, भरलेले दाणेसुद्धा. कोरड्या सालीला हवेचे बुडबुडे चिकटलेले होते. म्हणून संहितेत एक ओळ वाढली: 'ढवळा, ढवळा, पुन्हा ढवळा.' पोरांना ती गंमत वाटते. खरं तर ती दुरुस्ती आहे.

ढवळल्यावर पोचट दाणे वर, बाकीचे तळाशी. मग शेतकरी पेरणीआधी करतात तेच: 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. आमच्या छोट्या बादलीत 5 लिटर पाणी, म्हणून 150 ग्रॅम. मीठ पुरतं विरघळल्यावर तळाचेच दाणे त्यात टाकले.

ढवळा, ढवळा, पुन्हा ढवळा.
बुडेल का? तरंगेल का?

तिसऱ्या ओळीसाठी मी खूप शब्द खोडले. अर्धवट भरलेले काही दाणे हळूच वर आले आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "हे तर बुडले होते ना!"

संहितेत ती जागा आता कोरी आहे.