उत्तर केंद्रावर म्हणता आलं पाहिजे

गावातल्या मतदार जागृतीच्या कार्यक्रमात प्रश्नमंजूषा ठेवली की प्रश्न बहुधा ठरलेले असतात. मतदानाचं वय किती? शाई कोणत्या बोटाला लावतात? व्हीव्हीपॅटची चिठ्ठी किती सेकंद दिसते? 18, डाव्या हाताची तर्जनी, 7 सेकंद. शाळकरी मुलं धडाधड उत्तरं देतात, टाळ्या पडतात. मागे बसलेल्या आजीबाई गप्पच राहतात. खरं तर मतदान केंद्रावर जायचं असतं त्यांनाच.

संहिता लिहिणाऱ्याची जबाबदारी इथे सुरू होते. प्रश्न माहितीचा न ठेवता प्रसंगाचा ठेवला, तर चित्र बदलतं. विधानसभेच्या मतदानाचा असा एक प्रश्न घेऊन पाहू.

सूत्रसंचालक विचारतो, "दुपारी 3 वाजता तुम्ही केंद्रावर गेलात. यादी बघून पहिला मतदान अधिकारी म्हणतो, 'बाई, तुमच्या नावावर मतदान झालंय.' आता काय कराल?" पर्याय तीन: घरी परत येणं, तिथेच भांडण काढणं, किंवा केंद्राध्यक्षांकडे जाऊन सांगणं, "मी मतदान केलेलं नाही, मला प्रदत्त मत द्यायचंय."

बरोबर उत्तर तिसरं. 1961 च्या निवडणूक नियमांनी हा हक्क दिला आहे. केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतात. उत्तरांनी त्यांचं समाधान झालं की वेगळ्या यादीत सही किंवा अंगठा घेऊन कागदी मतपत्रिका देतात. हे मत यंत्रात जात नाही. आडोशाला जाऊन उमेदवारासमोर शिक्का मारायचा, कागद घडी करून केंद्राध्यक्षांच्या हाती द्यायचा. तो वेगळ्या पाकिटात बंद होतो.

बहुतेक संहिता इथे थांबतात, पण यापुढचं सांगणं जास्त गरजेचं आहे. हे मत मतमोजणीच्या दिवशी मोजलं जात नाही. निकालाला आव्हान दिलं गेलं आणि न्यायालयानं आदेश दिला, तरच पाकीट उघडतं. 2008 मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात कल्याणसिंह चौहान यांना 62,216 आणि सी. पी. जोशी यांना 62,215 मतं पडली. एका मताच्या त्या फरकापायी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे प्रदत्त मतांचा मुद्दाही आला. एरवी ही पाकिटं बंदच राहतात. "तुमचं मत वाचलं" असं सांगून आजीबाईंना घरी पाठवणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे. हक्काची मर्यादाही त्याच उत्तरात सांगायला हवी.

मर्यादा कळली की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तोतया मतदाराला आधीच अडवता येतं का? येतं. पहिला अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो ते त्यासाठीच. तिथे बसलेले उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी गावचेच असतात, माणसं ओळखतात. त्यांना संशय आला तर 2 रुपये भरून आक्षेप घेता येतो, आणि केंद्राध्यक्षांना तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. तोतयेगिरी सिद्ध झाली तर त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात देतात. म्हणून हा प्रश्न विचारताना प्रतिनिधी म्हणून बसणारी गावातली तरुण मंडळी समोर असावीत.

दुसरा प्रसंग घरातलाच आहे. "आईला वाचता येत नाही. मुलगा म्हणतो, मी आत येऊन बटण दाबतो. चालेल?" गावात बरेच जण 'चालेल' म्हणतील, आणि त्यात कुणाला वावगंही वाटणार नाही. पण नियमानुसार नुसतं लिहिता-वाचता न येणं पुरेसं कारण नाही. चिन्ह ओळखता येतंय ना, बटण दाबता येतंय ना, एवढंच बघायचं. अंधत्वामुळे किंवा शरीर साथ देत नसल्यामुळे हे जमत नसेल, तरच सोबती आत जातो. सोबत्याचं वय किमान 18 हवं. मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही, असं त्याला लिहून द्यावं लागतं. एकच कार्यकर्ता दिवसभरात पाच-सहा म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेताना दिसला, तर काहीतरी बिघडलंय हे ओळखावं.

हा प्रश्न सभेत विचारणं सोपं नाही. मुलगा शेजारीच बसलेला असतो, आणि आईला त्याच्यासमोर उत्तर द्यायचं असतं. म्हणून उत्तर मुलाकडूनच काढून घ्यावं. संहितेत पुढची ओळ त्याच्यासाठी लिहावी: "आई, तू एकटीच आत जा. निळं बटण दाब, लाल दिवा लागेल, शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसेल, तिच्यावरचं चिन्ह बघ आणि लांब बीप ऐकून बाहेर ये." हे त्यानं सगळ्यांसमोर म्हणावं. मग आईनं, कुणी मध्ये न बोलता, नमुन्याच्या यंत्रावर ते करून बघावं. तिला दोनदा-तीनदा करून बघावंसं वाटलं, तर कार्यक्रम तेवढा लांबू द्यावा आणि ठरलेल्या प्रश्नांतले दोन गाळावेत.