आजचा दिवस निघू दे

त्याची कंबर दुखायला लागली ती पावसाळ्यात. यारी रोडचे पेव्हर ब्लॉक उखडलेले, खड्ड्यात पाणी, पाण्याखाली किती खोल ते कळायला मार्ग नाही. पाठीवर चौकोनी बॅग, पुढे हँडलला लावलेला मोबाइल, आणि त्यावर उलटी मोजली जाणारी मिनिटं. तो मूळचा राजापूरकडचा, वय पंचवीसच्या आसपास. बेहराम बागेत तिघांबरोबर एका खोलीत राहतो आणि वर्सोवा, सात बंगला, लोखंडवाला या पट्ट्यात जेवण पोहोचवतो. नाव देत नाही, कारण त्याची गोष्ट सांगायला त्याने परवानगी दिली ती त्याच अटीवर.

पहिले काही आठवडे त्याने दुखण्याला थकवा म्हटलं. मग पावसातला गारठा म्हटलं. मग गादी बदलायला हवी असं ठरवलं आणि गादी बदलली नाही. रोज सकाळी लॉगिन करताना तो मनाशी एकच वाक्य म्हणायचा, आजचा दिवस निघू दे. दिवस निघायचा. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीत ऑर्डर वाढल्या, आणि कंबरेतली कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरली. कळ खाली सरकते आहे म्हणजे कंबर सुटते आहे, असं खोलीतल्या एकाने सांगितलं. त्यालाही ते पटलं, कारण कंबर खरंच थोडी हलकी वाटत होती.

नेमकं उलट चाललं होतं. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट, आत मऊ. सरळ उभं असताना कंबरेला आतल्या बाजूने एक नैसर्गिक बाक असतो आणि भार सगळ्या चकतीवर सारखा पडतो. दुचाकीवर तासन्‌तास पुढे झुकून बसलं की तो बाक जातो, चकतीची पुढची कड दाबली जाते आणि आतला गर मागे सरकू पाहतो, करंजीची एक कड दाबली की सारण दुसऱ्या कडेला जातं तसा. मागे असतात पायात जाणाऱ्या नसांची मुळं. त्यात खांद्यावरची बॅग शरीराला मागे ओढते, तोल राखायला माणूस आणखी पुढे वाकतो, आणि प्रत्येक खड्डा याच अवस्थेतल्या चकतीवर आदळतो. दुखणं गुडघ्याखाली उतरलं, तर बहुतेक वेळा नस दाबली गेल्याची ती खूण असते. अशा वेळी कंबर कमी दुखली म्हणून निश्चिंत होण्यात काही अर्थ नाही.

तो डॉक्टरकडे गेला नाही, मेडिकलमध्ये गेला. चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्यांची पट्टी मिळाली. सुरुवातीला रात्री एक, मग सकाळी एक आणि रात्री एक. सकाळची बहुतेकदा चहाबरोबर, उपाशीपोटी. ही गोष्ट मला कंबरेइतकीच गंभीर वाटते, आणि तिच्यामागे एक कारण आहे जे आपल्याला दारातून दिसत नाही. तो दिवसभर पाणी कमी पितो. ज्या इमारतींमध्ये तो जेवण नेतो तिथे त्याला शौचालय वापरू देत नाहीत, हॉटेलांच्या मागच्या दारी उभं राहायचं असतं, आणि रस्त्यावरचं सार्वजनिक शौचालय गाठायचं तर ऑर्डर लांबते. म्हणून तहान मारायची. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे रक्त पुरेसं जावं म्हणून शरीर जी यंत्रणा राबवतं, तीच यंत्रणा या गोळ्या दाबून टाकतात. गोळी कंबर शांत करते आणि तिकडे मूत्रपिंड तहानलेलं राहतं. रिकाम्या पोटी रोज घेतल्या तर जठराला जखम होऊ शकते ती वेगळीच. शौच काळं, डांबरासारखं होणं ही त्या जखमेतून रक्त जात असल्याची खूण. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पट्टीवर लाल रेघेशेजारी बारीक इंग्रजीत असतं ते एवढंच, की चिठ्ठीशिवाय विकू नये.

का गेला नाहीस, असं विचारलं तर त्याने सांगितलेला हिशेब साधा होता. सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळची. रांग, केस पेपर, तपासणी, परत कुठल्यातरी दुसऱ्या खिडकीवर, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या ऑर्डर गेल्या. त्या गेल्या की आठवड्याचा इन्सेन्टिव्ह गेला. गाडीचा हप्ता आहे, गावी आईला पैसे पाठवायचे आहेत, धाकट्या बहिणीची फी आहे. कारखान्यात राज्य विमा योजनेत असलेला कामगार आजारी पडला तर पात्र दिवसांसाठी त्याला मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. हा कागदोपत्री ‘पार्टनर’ आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात गिग कामगार हा शब्द आला, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्यासाठी द्यावी असंही आलं. पण ज्या दिवशी तो कंबर धरून खोलीत बसतो, त्या दिवसाचे पैसे त्याच्या खात्यात येत नाहीत. दुखण्याला किंमत नाही आणि तपासणीला मात्र एका दिवसाची कमाई, अशा बाजारात माणूस दुखणं निवडतो. त्याला बेफिकीर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तरीही हिशेबाच्या खाली आणखी काही होतं, आणि ते त्याने बऱ्याच वेळाने कबूल केलं. त्याला भीती वाटत होती. डॉक्टर ऑपरेशन सांगतील आणि मग गाडी कायमची सुटेल. न जाण्याने निदान हे ऐकावं तरी लागत नव्हतं.

एका रात्री चार बंगल्याच्या सिग्नलवर हिरवा दिवा लागला, त्याने पहिला गिअर टाकला, आणि दुसऱ्यासाठी डाव्या पायाचा पंजा गिअरच्या दांडीखाली घालून वर उचलला. पंजा उचललाच गेला नाही. मागून हॉर्न वाजत होते. त्याने हाताने गुडघा धरून पाय वर ओढला, गाडी कडेला घेतली आणि पदपथावर बसून राहिला. दुखत नव्हतं. दुखत नसताना पाय ऐकत नाही, याने तो जितका घाबरला तितका सहा महिन्यांच्या कळांनी घाबरला नव्हता. रात्री खोलीत शिरताना सोबत्याने विचारलं, “तुझं पाऊल का रे वाजतंय?” डावी चप्पल फरशीवर पटपट आपटत होती. पाऊल अलगद टेकवायला जी ताकद लागते ती कमी झाली की असा आवाज येतो.

त्याने आईला फोन केला, खरं तर पुढच्या महिन्यात पैसे कमी येतील हे सांगायला. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “तुझ्या पाठीवर घर चाललंय असं तूच सांगतोस ना? मग पाठ मोडत आली हे घराला सांगायला नको?”

या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबले. आपण घरासाठी खपणाऱ्याचं कौतुक करतो आणि त्याने न सांगता सोसलं तर जास्तच करतो. पण त्याच्या कमाईवर तिघं जगत होती, म्हणजे त्याच्या कंबरेतला धोका तिघांचा होता, आणि तो पत्करायचा की नाही हे ठरवताना त्याने उरलेल्या दोघींना विचारलंच नव्हतं. सहा महिने त्याने आईला काळजीपासून वाचवलं असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तिला जे कळायला हवं होतं तेच तिच्यापासून लपवलं. पैसे पाठवणं हे जसं त्याचं घराप्रति कर्तव्य, तसंच शरीराची खरी अवस्था जाणून घेणं आणि ती घरी सांगणं हेही कर्तव्यच. दुसऱ्या दिवशी त्याने लॉगिन केलं नाही. जुहूला कूपर रुग्णालयात अस्थिरोग विभागाच्या रांगेत जाऊन बसला.

तपासणी त्याला वाटली होती तशी भयंकर नव्हती. डॉक्टरांनी उताणं झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलला. अर्ध्यावर येण्याआधीच पोटरीपर्यंत विजेसारखी कळ गेली. मग टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या टाचेवर जमलं, डावा पंजा खाली पडत राहिला. अंगठा वर धरून ठेव म्हणाले आणि बोटाने सहज खाली दाबला. नंतर प्रश्न आले. लघवी अडते का, नकळत होते का? खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आहे का? संध्याकाळी ताप, वजन उतरणं, पडून राहिल्यावरही रात्री वाढणारं दुखणं? घरात किंवा खोलीत कुणाला टीबी? शेवटच्या प्रश्नाने तो गोंधळला, पण मुंबईत तो विचारावाच लागतो. टीबी मणक्यालाही होतो, महिनोन्‌महिने साध्या कंबरदुखीच्या वेषात राहतो, आणि वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो.

या सगळ्याला नकार आला. एमआरआय सांगितला तो पंजाच्या अशक्तपणामुळे. नुसत्या कंबरदुखीत तो लगेच लागतोच असं नाही, कारण काही न दुखणाऱ्यांच्या तपासणीतही चकती थोडी सरकलेली दिसते आणि माणूस उगाच धास्तावतो. साध्या एक्स-रेमध्ये चकती दिसत नाही, नसही नाही. त्याच्या अहवालात कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती डाव्या नसेवर दाबलेली निघाली, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं नाही. ताकद थोडीच कमी झालेली आणि ती नुकतीच, म्हणून गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली, फिजिओथेरपी, अंथरुणावर पडून न राहता झेपेल तेवढं चालणं, काही आठवडे दुचाकी बंद, आणि दर आठवड्याला पंजाची ताकद तपासून घेणं. ती आणखी घटली तरच शस्त्रक्रियेचा विचार. अशा बहुतेकांना काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतार पडतो. मात्र नस फार काळ दाबलेली राहिली तर गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नसतं. म्हणून पंजा पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो गेला, हे त्याच्या पथ्यावर पडलं. कळ पोटरीत उतरली तेव्हाच गेला असता तर कदाचित पंजा पडलाच नसता.

गाडीवर परतल्यावर बॅग खांद्यावर न घेता मागच्या सीटवर बांधायची, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या दारात तो बॅग न घेता, हातात फक्त पुडकं घेऊन येईल, किंवा गाडीजवळून हलता येत नसल्याने फोन करून खाली बोलावेल. जमत असेल तर उतरा. पाणी विचारा, आणि सोसायटीच्या बैठकीत तळमजल्यावरचं शौचालय या मुलांना उघडं ठेवायचा ठराव मांडा. वॉचमनसाठी ते बहुतेक ठिकाणी असतंच.

आणि हा अंक वडापावच्या गाडीवर कुणा रायडरच्या हाती लागला, तर त्याच्यासाठी दोन गोष्टी. कळ गुडघ्याखाली उतरली असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर या आठवड्यात तपासून घे. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी सुरू असलेल्या पालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये जा, तिथून पुढची चिठ्ठी घे. पण लघवी अडली, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नकोस. मित्राला उठव, रिक्षा कर आणि त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठ.