दहा हजार वेळा, पण कशाच्या?

बस ठरावीक अंतराने सुटते, आपण मात्र वेळापत्रक न पाहता थांब्यावर पोहोचतो. अंतर १२ मिनिटांचे असेल, तर आपली वाट पाहण्याची वेळ ० ते १२ मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडते. आता समजा, हे अंतर आपल्याला माहीत नाही. हाती फक्त पाच दिवसांच्या नोंदी आहेत. त्यांवरून अंतर ओळखण्याचे तीन मार्ग, म्हणजे तीन आकलक, सुचतात : सरासरीची दुप्पट, सर्वांत मोठी नोंद आणि नुसत्या पहिल्या नोंदीची दुप्पट.

आर या भाषेत खरे उत्तर आपणच ठरवून हा प्रयोग करता येतो :

```
n <- 5
r <- replicate(10000, {
  x <- runif(n, 0, 12)
  c(2*mean(x), max(x), 2*x[1])
})
rowMeans(r)
apply(r, 1, sd)
```

दहा हजार अंदाजांची सरासरी अनुक्रमे १२, १० आणि १२ च्या आसपास येते. पहिला आणि तिसरा आकलक अनभिनत, मधला खाली झुकलेला. पाच नोंदींत सर्वांत मोठीसुद्धा १२ ला क्वचितच भिडते. सरासरी १२.०३ आली म्हणून दचकू नये. पहिल्या आकलकाचे अंदाज सुमारे ३.१ मिनिटांनी विखुरलेले असतात. त्याला १०,००० च्या वर्गमुळाने, म्हणजे १०० ने, भागले की ०.०३ उरते. एवढी चूक प्रयोगाची स्वतःचीच असते.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. पुनरावृत्ती दहा हजारांवरून दहा लाखांवर नेली, तर सर्वांत मोठ्या नोंदीची सरासरी १० वरच अधिक घट्ट बसते, १२ कडे सरकत नाही. मग तो आकलक टाकाऊ ठरवला जातो. पण सुसंगतता पुनरावृत्ती वाढवून दिसतच नाही. त्यासाठी `n` वाढवावा लागतो. `n` ५०० करा. सर्वांत मोठ्या नोंदीची सरासरी ११.९८ वर येते आणि विखुरणे जवळजवळ संपते. सरासरीच्या दुपटीचे विखुरणे ०.३ वर उतरते. पहिल्या नोंदीची दुप्पट मात्र होती तिथेच : सरासरी १२, विखुरणे ६.९. पाचशे दिवस नोंदी ठेवूनही तिला काही शिकता येत नाही. अनभिनत असूनही ती सुसंगत नाही, आणि झुकलेली सर्वांत मोठी नोंद सुसंगत आहे.

म्हणूनच सरासरींची एकच ओळ पाहून आकलक निवडणे मला धोक्याचे वाटते. पाच नोंदींवर वर्गित चुकीची सरासरी काढली, तर सरासरीच्या दुपटीला ९.६ येते आणि झुकलेल्या सर्वांत मोठ्या नोंदीला ६.९. तिचा झुकाव किती, हे गणिताने नेमके कळते, त्यामुळे तो दुरुस्तही करता येतो : तिला ६/५ ने गुणले की सरासरी १२ येते, विखुरणे २ च्या आसपास राहते. लोक वेळापत्रक पाहून घराबाहेर पडत नाहीत, अशी खात्री असेल तर पाच नोंदींसाठी मी हाच आकलक घेईन.