सुचलं की सुचवलं?

गणपतीला यंदा आम्हाला गावी जाता आलं नाही. विसर्जनानंतर मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. कोण कोण आलं, आरतीला किती गर्दी झाली, हे सगळं सांगता सांगता त्या म्हणाल्या, "यंदा तुम्ही नव्हतात. मोदक बाहेरूनच आणले." फोन ठेवून मी यजमानांना सांगितलं, "वहिनींनी टोमणा मारला. मी मदतीला गेले नाही, म्हणून मोदक विकत आणावे लागले म्हणे."

ते "म्हणे" माझं होतं. वहिनी तसं म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी दोन वाक्यं सांगितली होती आणि मधला "म्हणून" मी घातला होता.

मराठीत एका "व"ने हा फरक दाखवता येतो. सुचवतो तो बोलणारा आणि सुचतं ते ऐकणाऱ्याला. मला जे सुचलं, ते वहिनींनी सुचवलं असं मी सांगितलं. आपल्या बोलण्यातला "अर्थ निघतो" हा प्रयोग तर या बाबतीत फार धोक्याचा आहे. "त्याच्या बोलण्याचा अर्थ असा निघतो" म्हटलं की अर्थ जणू आपोआप बाहेर पडला. प्रत्यक्षात तो कुणीतरी काढलेला असतो, आणि काढणाऱ्याचं नाव त्या वाक्यात राहत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात यावर मोठा वाद झाला आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने सांगितलं, की शब्द सरळ अर्थापलीकडचं काही ध्वनित करतात आणि ही शब्दाचीच शक्ती आहे. अकराव्या शतकात महिमभट्टाने "व्यक्तिविवेक" लिहून ते खोडायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं असं, की ध्वनी म्हणून वेगळं काही नाही. धूर पाहून आपण विस्तव ओळखतो, तसाच ऐकणारा शब्दांवरून अनुमान करतो. मम्मटाने "काव्यप्रकाशा"त महिमभट्टाचं म्हणणं नाकारलं. त्याच ग्रंथात त्याने दिलेलं सूर्यास्ताचं उदाहरण मला फार आवडतं. "सूर्य मावळला" एवढंच वाक्य, पण गुराख्याला ते गुरं घराकडे वळवायला सांगतं, मजुराला काम थांबवायला आणि अभिसारिकेला निघायला. वाक्य तेच राहतं, अर्थ मात्र कोण कुणाला आणि कधी म्हणतं यावर ठरतो. फोनवरच्या त्या दोन वाक्यांत टोमणा ऐकणारी मी होते, कारण न गेल्याची टोचणी माझ्या मनात आधीपासून होती.

आता वर्तमानपत्राकडे वळू. समजा बातमी अशी आहे: "नदीवरील पुलाचे काम अमुक कंत्राटदाराला मिळाले. गेल्या महिन्यात आमदारांच्या मुलाच्या लग्नाला हा कंत्राटदार उपस्थित होता." दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. "म्हणून" इथेही छापलेलं नाही, तो वाचकच घालतो. मग वहिनींची दोन वाक्यं आणि ही दोन वाक्यं सारखीच का?

मी एक कसोटी लावते. दोन वाक्यांनंतर "पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही" हे जोडून पाहते. वहिनींच्या बोलण्याला ते जोडलं तर काहीच बिघडत नाही. आम्ही नव्हतो ही एक खबर, मोदक विकतचे होते ही दुसरी. त्या घरातल्या खबरा सांगत होत्या. बातमीला तेच वाक्य जोडलं की लग्नाचा उल्लेख उघडा पडतो. संबंध नसेल, तर पुलाच्या बातमीत लग्न आलं कशाला? तिथे ते वाक्य दुसरं कुठलंच काम करत नाही. म्हणजे ते सुचवण्यासाठीच ठेवलं आहे. ही कसोटी लेखकाचा हेतू दाखवते. आरोप खरा की खोटा, हे मात्र तिच्यातून कळत नाही. त्यासाठी निविदा किती आल्या, सर्वांत कमी दर कुणाचा होता, हे बघावं लागतं. बातमीदाराला ते कळलं असतं तर त्याने तेच छापलं असतं, असं मला वाटतं.

सुचवणाऱ्याची सुटका कायदाही करत नाही. बदनामीचं जुनं कलम 499 आणि 2024 पासून लागू झालेलं भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन्हींच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. "मी तसं कुठे म्हटलं?" एवढं उत्तर तिथे पुरत नाही. पण वाचकाचीही जबाबदारी असते. पुलाची बातमी वाचून "आमदाराने पैसे खाल्ले, पेपरात आलंय" असं कट्ट्यावर सांगणारा माणूस आपलं अनुमान पेपराच्या नावावर खपवतो, आणि तिसऱ्या माणसाकडे ती बातमी म्हणूनच पोचते.

माझ्या घरात तो तिसरा माणूस म्हणजे यजमान होते. दोन दिवस ते वहिनींवर नाराज राहिले. तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि विचारलं, "वहिनी, मोदक बाहेरून का आणले?" त्या म्हणाल्या, "अगं, मनगट धरलंय माझं. उकड मळवेना."