देवाला उठवायचं की कळवायचं?



काल गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एकोणसत्तरावा श्लोक वाचत होतो. सगळ्या जीवांची जी रात्र, तिच्यात संयमी जागा असतो, असं भगवंत सांगतात. संयमी माणूस जर जागा, तर स्वतः भगवंत झोपतील कसे? आणि मी तर महिनाभर आमच्या देवघरातल्या बाळकृष्णासाठी भूपाळी लिहीत बसलोय! जो झोपतच नाही त्याला रोज पहाटे उठवायचं, हे खोटं नाही का?

पंढरपूरचा रिवाज आठवला आणि थोडं हलकं वाटलं. तिथे रोज काकडआरतीने विठ्ठलाला जाग आणतात, रात्री शेजारती करून निजवतात. पण आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंगच काढतात. वारकऱ्यांसाठी देव रात्रंदिवस उभा. म्हणजे देवाला झोपेची गरज नाही हे परंपरेला पक्कं ठाऊक आहे. तरी एरवी ती त्याला निजवते, कारण आपल्याला त्याचं काहीतरी करायचं असतं. आमच्याकडेही रात्री बाळकृष्णावर हातभर मलमलचं पांघरूण मीच घालतो. मी निजवलं, तर उठवायची जबाबदारीही माझीच. यात खोटं काही नाही.

पण उठवायचं कसं? इथे मी अडकलो.

माझ्या नोकरीत महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल असतो. रात्री तीनला फोन किंचाळतो, सर्व्हर पडलेला असतो आणि छातीत धडधडत मी लॅपटॉप उघडतो. झोपेतून ओढून काढणं काय असतं ते मला चांगलंच माहीत आहे. तरीही माझं पहिलं कडवं असं झालं:

उठा उठा देवा
झटकून निद्रा
प्रकटली मुद्रा
पूर्वेकडे

अक्षरं बरोबर आहेत. मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा, चार; दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. हिशेब जुळला म्हणून मी खूश. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाला ओरडतोयस?"

मी तेच कडवं कुजबुजून म्हणून पाहिलं. कुजबुजताना स्वर जवळजवळ विरून जातात, पण ठ, ट, झ, प्र ही अक्षरं खोलीभर ऐकू जातात. हीच परीक्षा मग मी प्रत्येक ओळीला लावली. ळ, ल, व, य, म, न आणि लांब आ-ई असले की ओळ पांघरुणासारखी पडते. जोडाक्षर आलं की जीभ ठेचकाळते. त्यात मी कडवं भजनी ठेक्यावर भरभर म्हणत होतो, त्यामुळे ते अधिकच दटावणं वाटे. मग एका श्वासाला एकच चरण ठेवला. शेवटचा चरण चारच अक्षरांचा, पण त्यालाही सहा अक्षरांइतकाच वेळ द्यायचा. उरलेली जागा शेवटचा स्वर लांबवून भरायची. घाई तिथे आपोआप मोडते.

राहिलं क्रियापद. "उठा" ही आज्ञा, "उठावे" ही विनंती, पण आग्रह दोन्हीत आहे. वेंकटेश सुप्रभाताचा पहिला श्लोक वाल्मीकि रामायणातला आहे. शरयूकाठी गवतावर झोपलेल्या रामाला विश्वामित्र उठवतात आणि नित्यकर्माची आठवण देतात. तिथे आज्ञा शोभते, कारण उठवणारा गुरू आहे आणि मुलगा खरोखर झोपलेला आहे. मी कोण आज्ञा देणारा? म्हणून मी उठण्याचं क्रियापदच काढून टाकलं. सकाळ झालीये एवढंच सांगायचं. उठायचं तेव्हा तो उठेल.

हळूहळू देवा
उजळे आभाळ
दारी ये सकाळ
सावकाश

दुसऱ्या कडव्यात आधी गाई, वासरं, ताकाची घुसळण असं सगळं आलं होतं. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. गाय मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही. देवाला सकाळची बातमी द्यायची आणि ती ऐकीव, हे पटेना. मग आमच्याकडे जे घडतं ते घातलं:

नळाला ये पाणी
दुधाची पिशवी
दाराशी असावी
एव्हाना रे

बायको हसली, पण "हे आपलं वाटतं" म्हणाली.

खरा पेच तिसऱ्या कडव्याचा होता. देवघर हॉलमध्ये आणि आई हॉलमध्येच झोपते. गेल्या वर्षापासून तिच्या पाठीचं दुखणं आहे. रात्रभर कूस बदलत असते, पहाटे चार-साडेचारला कुठे डोळा लागतो. मी साडेपाचला देवापुढे बसतो. म्हणजे देवाला जाग यावी आणि आईला येऊ नये असं म्हणायचं! खरं तर हळुवार भूपाळी हवी झाली ती यासाठीच. तर मी लिहिलं:

आई माझी देवा
सोसते यातना
ऐक ही प्रार्थना
बरी कर

लिहिताना डोळे भरून आले, म्हणजे खोटं त्यात काहीच नव्हतं. तरी दोन दिवस ते कडवं घशात अडकत राहिलं. मग उमगलं, हा तर रात्री तीनचा फोन आहे. त्याने डोळे उघडायच्या आत तक्रार दाखल! देव ते चालवून घेईल, त्याला कुठली झोपमोड. पण ज्याला मी पांघरूण घातलं, त्याला जाग येताच कामाला जुंपायचं, तर पांघरूण घालण्याला अर्थ काय उरला? दुसरीकडे, आईचं दुखणं वगळून नळ आणि दूधच सांगायचं म्हणजे त्याच्यापासून लपवाछपवी झाली. घरातली सर्वात मोठी बातमी तीच.

मग मागणं काढलं आणि बातमी ठेवली:

रातभर जागी
होती माझी आई
आता नीज घेई
जरा वेळ

म्हणुनी हळूच
घालतो मी साद
होऊ नये नाद
पलीकडे

मागणं सोडलेलं नाही. आरती झाली, नैवेद्य झाला की हात जोडून स्पष्ट मागतो, तिची पाठ बरी कर म्हणून. फक्त त्याची वेळ बदलली. कुणी म्हणेल, देवाला सगळं आधीच कळतं, मग वेळेचा एवढा विचार कशाला. बरोबर आहे. पण चहा घेईपर्यंत वडिलांना दुखणं सांगायचं नाही ही आमच्या घरची रीत होती, आणि ती वडिलांना काही कळत नव्हतं म्हणून नव्हती.

दोन-तीन ठिकाणं अजून खटकतात. "घालतो मी साद" मधला "मी" केवळ अक्षर भरायला आलाय, हे मला दिसतं. "नीज घेई" पुस्तकी आहे. बघू.

परवा म्हणून झालं आणि पांघरूण घडी करताना मागून आवाज आला, "जरा वेळ कसला? चांगली तासभर झोपले होते." आई जागीच होती. किती दिवस ऐकत होती कोण जाणे. मी म्हटलं, "बदलू का मग?"

"राहू दे," म्हणाली आणि कुशीवर वळली.