आधी काय, मग काय

कादंबरीच्या एका प्रकरणाचा सारांश काढायला बसले की तीन रकाने पडतात: पात्रे, घटनांचा क्रम आणि कलाटणी. यातला मधला रकाना बहुतेकांना नुसती हमाली वाटतो आणि सगळी हुशारी कलाटणी शोधण्यात आहे असा समज असतो. माझे म्हणणे उलट आहे. क्रम नीट लागला तर कलाटणी आपोआप सापडते. क्रमात एक घटना मागेपुढे झाली, तर कलाटणी म्हणून आपण भलत्याच गोष्टीवर बोट ठेवतो. त्यातून प्रकरण मोबाइलवर काढलेल्या फोटोंमधून वाचायचे असेल, तर हा धोका वाढतो.

एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’चे (१८४७) नववे प्रकरण घेऊ. सुरुवातीलाच कॅथरीनचा दारू प्यालेला भाऊ हिंडली घरात शिरतो, घरची मोलकरीण नेली हिला सुरीचा धाक दाखवतो आणि आपल्याच लहानग्या मुलाला, हेअरटनला, जिन्याच्या कठड्यावर धरतो आणि मूल त्याच्या हातून निसटते. नेमका खाली आलेला हीथक्लिफ त्याला झेलतो. मग स्वयंपाकघरात नेली हेअरटनला झोपवत असताना कॅथरीन येते आणि एडगर लिंटनला लग्नाचा होकार दिल्याचे सांगते. उंच पाठीच्या बाकापलीकडे हीथक्लिफ पडला आहे, हे तिला ठाऊक नाही. तो तबेल्यात असेल, असे नेलीच तिला सांगते. हीथक्लिफशी लग्न केले तर आपल्याला कमीपणा येईल, असे कॅथरीन म्हणते. तेवढे ऐकून तो आवाज न करता निघून जातो. आणि त्यानंतर कॅथरीन सांगते, की त्याच्यात आणि आपल्यात भेदच नाही. ही कबुली ऐकायला तो तिथे नसतो.

फोटोंमध्ये घोळ होतो तो नेमका इथे. त्याच्या निघून जाण्याला कादंबरीत जेमतेम दोन-चार वाक्ये आहेत. जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही, त्यामुळे शिवणीकडचे शब्द वाकतात किंवा सावलीत जातात. दोन पाने एकदम उलटली गेली, तर ती वाक्ये गायबच होतात. मग वाचकाला पुढे एवढेच कळते, की हीथक्लिफ रात्री सापडत नाही. आणि वाचक लिहून मोकळा होतो: कॅथरीनने प्रेमाची कबुली दिली, पण लग्न लिंटनशी ठरले म्हणून हीथक्लिफ घर सोडून गेला. वाक्य पटण्यासारखे आहे, म्हणूनच घातक आहे. अर्धवट ऐकून गेलेला माणूस इथे सगळे ऐकून गेलेला ठरतो आणि शोकांतिकेचे कारणच पुसले जाते.

हे पकडायचा उपाय साधा आहे. सारांशाला हात घालण्याआधी फोटोंतले पृष्ठक्रमांक ओळीने लावावेत. क्रमांक कापला गेला असेल, तर एका पानाचे शेवटचे वाक्य पुढच्या पानाच्या पहिल्या शब्दांशी जुळते का ते पाहावे. वाक्य जुळले नाही तर तिथे पान राहिले आहे. ते पुन्हा मिळणार नसेल, तर सारांशात तसे स्पष्ट लिहावे; ऐकीव कथेवरून किंवा सिनेमा आठवून जागा भरू नये.

पात्रांचा रकानाही वाटतो तितका सरळ नाही. या प्रकरणात गोष्ट सांगणारी ‘मी’ म्हणजे नेली. तिलाच एलन म्हणतात आणि मिसेस डीनही तीच. एवढ्याच प्रकरणाचे फोटो हाती असतील, तर एकीच्या वेगवेगळ्या बायका होतात. शिवाय अगदी शेवटी ती घड्याळाकडे पाहून थांबते आणि ‘मी’ बदलतो. तिथे बोलतो तो तिची हकिगत ऐकणारा लॉकवुड.

राहिली कलाटणी. सर्वांत गाजावाजा असलेली घटना कलाटणी असेलच असे नाही. जिन्यावरून पडणारे मूल, मध्यरात्रीचे वादळ, भिजून आजारी पडलेली कॅथरीन, तिचा ताप लागून गेलेले एडगरचे आईवडील, या सगळ्या घटना मोठ्या आहेत. पण प्रत्येकीला कसोटी लावावी: ही वगळली तर पुढचे उभे राहते का? मूल पडले नसते तरी कॅथरीन स्वयंपाकघरात आलीच असती. हीथक्लिफ मात्र आणखी थोडा वेळ बाकामागे थांबला असता, तर तिचे भिजणे, ताप आणि ते मृत्यू यांतले काहीच असे घडले नसते.

म्हणून कलाटणीच्या रकान्यात ‘हीथक्लिफ निघून जातो’ एवढे लिहून भागत नाही. कोणाला काय कळले आणि काय कळले नाही, हेही त्यात यावे लागते: कॅथरीनचे अर्धेच बोलणे ऐकून हीथक्लिफ जातो, नेली त्याला जाताना पाहते, पण गप्प राहते, आणि त्याने ऐकल्याचे कॅथरीनला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. गप्प राहिलेली नेली हीच आपल्याला सगळी हकिगत सांगते आहे, हेही मग लक्षात येते आणि तिच्या सांगण्यावर किती विसंबायचे, असा प्रश्न पडतो. घटना क्रमाने मांडल्याशिवाय तो पडला नसता.