कवितेच्या आधीची सहा मिनिटे

चि. मंदार,

सेमिनारसाठी लिहिलेले तुझे भाषण दोनदा वाचले. विल्फ्रेड ओवेनची ‘डुल्से एट डेकोरम एस्ट’ निवडलीस ते चांगले केलेस. पण तुला मिळालीत दहा मिनिटे आणि लिहिलीस सहा पाने. कविता अठ्ठावीस ओळींची आहे. सावकाश वाचली तरी दोन मिनिटे पुरतात आणि ती दोनदा वाचायलाच हवी. म्हणजे तुझ्या बोलण्याला सहा मिनिटे उरली. मिनिटाला शंभर शब्द धरले तर जेमतेम दोन पाने.

तेव्हा पहिली दोन पाने सरळ काढून टाक. त्यात जन्म, शिक्षण, नोकऱ्या आहेत आणि शेवटी ती तारेची हकिकत आहे. ४ नोव्हेंबर १९१८ ला ओवेन साम्ब्र-वाझ कालव्यापाशी मारला गेला आणि ११ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना, आईच्या हाती तार पडली. हकिकत खरी आहे, वर्ग हेलावेलही. पण त्यानंतर मुले जी कविता ऐकतील ती एका मेलेल्या तरुणाची असेल. कविता लिहिताना ओवेन जिवंत होता, चिडलेला होता. ऑक्टोबर १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात मानसिक आघातावर उपचार घेत असताना त्याने तिचा पहिला खर्डा केला. सिगफ्रीड ससून त्याला तिथेच भेटला. एवढे एका वाक्यात सांग आणि पुढे हो. तारेची हकिकत चर्चेत कुणी विचारलीच तर सांग.

मग बोलायचे कशावर? माझ्या मते एकाच गोष्टीवर: ही कविता कुणाशी बोलते आहे. सुरुवातीच्या आठ ओळींत ‘आम्ही’ आहोत. थकलेली तुकडी आघाडीकडे पाठ करून चिखलातून विसाव्याच्या जागेकडे निघाली आहे. पुढच्या सहा ओळींत गॅस येतो, धांदल उडते आणि ‘मी’ एका माणसाला गुदमरताना पाहतो. मग दोनच ओळींचे एक कडवे. आणि शेवटच्या बारा ओळींत अचानक ‘तू’ येतो. हा ‘तू’ खंदकात नव्हता, तो घरी बसून वाचतो आहे. एका खर्ड्यावर ओवेनने ही कविता जेसी पोप या बाईंना उद्देशून असल्याचे लिहिले होते. त्या वर्तमानपत्रांत तरुणांना भरतीला प्रवृत्त करणारी पद्ये लिहीत असत. पुढे त्याने ते नाव काढले. त्यामुळे ‘तू’च्या जागी कुणीही बसू शकतो, तुझा वर्गही. तुझ्या भाषणाचे काम एवढेच, की बारा ओळी सुरू होतील तेव्हा आपल्याशी कुणी बोलते आहे हे मुलांना कळावे.

त्या दोन ओळींपाशी मात्र थांब. तुझ्या खर्ड्यात त्यांचा उल्लेखच नाही आणि मला तर सगळी कविता तिथे फिरल्यासारखी वाटते. यमके तपासून पाहा. सहा ओळींच्या कडव्यातल्या शेवटच्या दोन ओळींना यमक जुळते ते पुढच्या दोन ओळींत. म्हणजे यमकाने पाहिले तर हे आठ ओळींचे एकच कडवे आहे, पण ओवेनने मध्ये रिकामी ओळ सोडून ते तोडले. तोडल्यावर काळही बदलतो. आधीचे सगळे भूतकाळात घडून गेले आहे, ही दोन ओळींतली स्वप्ने मात्र वर्तमानकाळात, अजून चालू आहेत. आणि बुडण्याचा जो शब्द सहाव्या ओळीच्या शेवटी येतो, तोच पुन्हा इथल्या शेवटी येतो. शब्दाचे यमक त्याच शब्दाशी. नवशिक्याने असे केले असते तर आपण चूक म्हटले असते. इथे कवीला त्या शब्दातून सुटकाच नाही. फळ्यावर फक्त ८, ६, २, १२ असे आकडे लिही आणि वाचताना त्या रिकाम्या ओळीवर पूर्ण श्वास घे.

संदर्भ दोनच दे. पहिला गॅसचा. तू ‘मस्टर्ड गॅस’ लिहिले आहेस, ते खोड. मस्टर्ड गॅसचे परिणाम दिसायला काही तास लागतात, कवितेतला माणूस तत्काळ गुदमरतो. हा क्लोरिनसारखा फुप्फुसे जाळणारा वायू असावा. शिवाय कवितेत सैनिक घाईघाईने जे डोक्यावर चढवतात तो लोखंडी टोप नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. त्या काळी रसायनात भिजवलेली फ्लॅनेलची पिशवी सबंध डोक्यावर ओढून कडा कोटात खोचत, डोळ्यांपुढे दोन गोल काचा असत. हे चित्र डोळ्यांपुढे असले, की पुढचा हिरवा, समुद्रतळासारखा उजेड मुलांना आपोआप दिसेल. तो समजावून सांगू नकोस.

दुसरा संदर्भ लॅटिनचा. शीर्षक हे रोमन कवी होरेसच्या एका वचनाचा अर्धा भाग आहे. देशासाठी मरणे गोड आणि शोभादायक आहे, असा त्या वचनाचा अर्थ. इंग्लंडमधल्या शाळांत मुलांना ते शिकवले जाई आणि सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीच्या प्रार्थनागृहात १९१३ मध्ये ते कोरले गेले. हा अर्थ वाचनाआधीच सांग. नाही तर ऐन शेवटच्या ओळीवर सगळा वर्ग तळटीप शोधायला खाली मान घालील. शीर्षकात अर्धे राहिलेले वचन तिथे पुरे होते आणि ती ओळ इतरांपेक्षा आखूड आहे. एवढे त्यांच्या कानांवर सोड.

वाचनाचा सराव बारा ओळींचा कर. ते सबंध एकच वाक्य आहे. ‘जर’ने सुरू होते, चार ओळींनंतर पुन्हा ‘जर’ येतो आणि मुख्य क्रियापद नवव्या ओळीपर्यंत येतच नाही. तोवर आवाज खाली पडू द्यायचा नाही. बहुतेकजण चौथ्या ओळीवर टेकतात आणि तिथेच वाक्य मोडते. नवव्या ओळीत ‘मित्रा’ अशी हाक आहे, तिथे कागदावरून नजर उचलून वर्गाकडे पाहा. भयानक तपशिलांवर आवाज चढवू नकोस. ओवेनने ते पुरेसे चढवलेले आहेत.

आणखी एक. तुझ्या वर्गात फौजी घरांतली मुले आहेत. ‘ही कविता सैनिकांविरुद्ध आहे’ असा समज घेऊन त्यांतले कुणी घरी जाऊ नये. ओवेन १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेला, त्याला शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळाला. त्याचा राग लढणाऱ्यांवर नव्हता. मरणाला गोड म्हणून जे मुलांना तिकडे पाठवतात, त्यांच्यावर होता. भाषणातले हे एक वाक्य तू युद्धविरोधाच्या लांबलचक परिच्छेदात हरवून टाकले आहेस. परिच्छेद काढ, वाक्य ठेव.

पहिले वाचन तू कर, दुसरे वर्गातल्या एखाद्या मुलीला दे आणि तिला आदल्या दिवशीच सांगून ठेव. वाचन संपले की लगेच प्रश्न विचारू नकोस, ‘धन्यवाद’ही म्हणू नकोस. खाली बस. पहिला शब्द वर्गाकडूनच येऊ दे.

दोन पानांची नवी प्रत रविवारपर्यंत पाठव.

तुझ्या,
बाई